ब्लूममधली लुकलुक: बारीक प्रखर पिक्सेलांचा बंदोबस्त आणि नैसर्गिक प्रकाशवलय

प्रश्न: मी स्वतःच्या D3D12 रेंडररमध्ये ब्लूम लिहिला आहे. दृश्य पावसातल्या रात्रीच्या रस्त्याचे आहे: ओले डांबर, दुचाकीच्या रिमवरची चमक, लांबवर दिवे आणि निऑनच्या पाट्या. कॅमेरा हळू सरकला तरी बारीक चमकत्या ठिपक्यांभोवतीची वलये लुकलुकतात. थ्रेशोल्ड १ वरून ४ केला तर लुकलुक आणखी उठून दिसू लागली. कमाल मूल्य क्लॅम्प केले तर ती थांबली, पण पाट्या निस्तेज झाल्या. लुकलुक जावी आणि उजळ भाग मात्र खरे वाटावेत, यासाठी नेमके काय करावे?

उत्तर:

थ्रेशोल्ड पूर्णपणे काढून टाका, पहिल्या डाउनसॅम्पलमध्ये तेजस्वितेनुसार भारित सरासरी घ्या, आणि ब्लूम मूळ चित्रात मिळवण्याऐवजी मिसळा. हे झाले थोडक्यात. मात्र हे करण्याआधी लुकलुक कुठे जन्मते हे तपासणे आवश्यक आहे, कारण तिची दोन मुळे आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही.

एक मूळ ब्लूमच्या गाळणीत असते. डाउनसॅम्पल करताना प्रत्येक टप्प्यावर फक्त २×२ पिक्सेलांची सरासरी घेतली, तर पाचव्या मिपमधला एक पिक्सेल मूळ चित्रातल्या ३२×३२ पिक्सेलांचा चौकोन होतो, आणि शेजारच्या चौकोनाशी त्याचा काहीही संबंध राहत नाही. प्रखर ठिपका चौकोनाच्या आत सरकत असतो तोवर वलय जागचे हलत नाही, आणि ठिपक्याने कड ओलांडताच ते एकदम ३२ पिक्सेल उडी मारते. दुसरे मूळ ब्लूमच्या आधीच, मूळ चित्रात असते. समजा, दूरच्या रिमवरची चमक पडद्यावर १.३ पिक्सेल रुंद आणि तितकीच उंच आहे. अँटिअलायझिंग नसेल तर ती कुठे पडते त्यानुसार कधी एका पिक्सेलचे केंद्र झाकते, कधी दोनांचे, कधी चारांचे. म्हणजे वस्तू तीच, चमक तीच, पण चित्रात उतरणारा एकूण प्रकाश एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत चौपटीने बदलतो. ब्लूम हा प्रकाश पसरवून मोठा करून दाखवतो, त्यामुळे एरवी डोळ्यांत न भरणारा एक पिक्सेल हाताएवढे वलय होऊन उघडझाप करू लागतो.

दोन्ही मुळे वेगळी ओळखता येतात. भारित सरासरी, थ्रेशोल्ड, क्लॅम्प हे सगळे तात्पुरते बंद करा, कॅमेरा अत्यंत सावकाश सरकवा आणि दर फ्रेमला मूळ एचडीआर चित्राची आणि सर्वांत लहान मिपची सरासरी वाचून आलेख काढा. साधी रेषीय गाळणी ठिपक्याची ऊर्जा जवळजवळ जशीच्या तशी खाली नेते, म्हणून दोन्ही आलेख एकत्र उड्या मारत असतील तर दोष मूळ चित्रात आहे. आलेख सपाट असूनही वलय पडद्यावर टप्प्याटप्प्याने सरकताना दिसत असेल तर दोष गाळणीत आहे. आणि मूळ आलेख सपाट पण मिपचा उड्या मारणारा असेल, तर तुमचे नमुने पिक्सेलांच्या कोपऱ्यांवर पडत नाहीत आणि काही पिक्सेल मोजणीतून सुटत आहेत. १०८० ओळींच्या चित्रात मिपांच्या उंची ५४०, २७०, १३५, ६७ अशा जातात. १३५ नंतर विषम आकार येतात आणि तिथे थोडी गळती होतेच. ती कमीत कमी राहावी म्हणून नमुन्यांचे अंतर नेहमी स्रोत मिपच्या खऱ्या टेक्सेल आकारावरून काढावे, लक्ष्य मिपच्या आकाराला दोनाने भागून काढू नये.

पावसातल्या रात्रीच्या दृश्यात बहुधा दोन्ही दोष एकत्र सापडतात. गाळणीचा दोष सोपा आहे, म्हणून तो आधी मिटवून टाकू.

त्यासाठी २०१४ च्या सिग्राफमध्ये होर्हे हिमेनेस यांनी मांडलेली १३ नमुन्यांची गाळणी वापरावी. लक्ष्य पिक्सेलचे केंद्र हे मूळ चित्रातल्या चार पिक्सेलांच्या सामाईक कोपऱ्यावर येते. तिथून आडव्या-उभ्या दिशेने −२, ० आणि +२ टेक्सेलांवर नऊ नमुने आणि (±१, ±१) वर आतले चार नमुने घ्यायचे. प्रत्येक नमुना कोपऱ्यावर पडत असल्यामुळे बायलिनियर वाचन आपोआप २×२ पिक्सेलांची सरासरी देते. आतल्या चौघांना आणि मधल्याला प्रत्येकी ०.१२५, कडेच्या चौघांना ०.०६२५ आणि कोपऱ्यांतल्या चौघांना ०.०३१२५ इतके भार द्यायचे. यांची बेरीज १ होते. या गाळणीचा लाभ असा की शेजारच्या दोन लक्ष्य पिक्सेलांची क्षेत्रे एकमेकांवर येतात, त्यामुळे ठिपका सरकताना त्याचा प्रकाश एकाकडून दुसऱ्याकडे हळूहळू जातो. परत वर चढताना १-२-१ भारांची ३×३ तंबूच्या आकाराची गाळणी पुरते. १०८० साठी सहा मिप ठीक आहेत. त्याहून मोठ्या चित्रासाठी एखादा मिप वाढवावा, म्हणजे वलयाची रुंदी पडद्याच्या प्रमाणात तीच राहील.

आता अवघड भाग, म्हणजे मूळ चित्रातूनच येणारी उघडझाप. ब्रायन कॅरिस यांनी सुचवलेली भारित सरासरी इथे कामी येते: प्रत्येक नमुन्याला त्याच्या तेजस्वितेच्या उलट प्रमाणात, म्हणजे 1/(1+L) इतका भार द्यायचा. ती काय करते ते आकड्यांतच पाहू. समजा चार नमुन्यांपैकी एक ८०० आहे आणि उरलेले तीन ०.२ आहेत. साधी सरासरी २०० च्या आसपास येते. भारित सरासरीत ८०० ला सुमारे ०.००१२५ भार मिळतो, ०.२ ला ०.८३ मिळतो, आणि उत्तर येते ०.६. चारही नमुने ८०० असतील तर उत्तर ८०० च राहते. थोडक्यात, एकट्या पडलेल्या ठिपक्याचे वजन जाते आणि भरीव दिव्याला धक्का लागत नाही. क्लॅम्पला हा विवेक नाही. तो ठिपक्याला आणि पाटीला एकाच उंचीवर छाटतो, आणि तुमच्या पाट्या निस्तेज होण्याचे कारण तेच आहे.

बऱ्याच ठिकाणी हे भार अर्धवट लावलेले आढळतात: १३ नमुन्यांचे चार-चारांचे पाच गट करायचे, प्रत्येक गटात भारित सरासरी घ्यायची, आणि मग मधल्या गटाला ०.५ व कडेच्या चारांना ०.१२५ देऊन गटांची साधी बेरीज करायची. यात दिव्यांच्या कडा कमी झिजतात, हा त्याचा गुण आहे. पण तुमच्यासारख्या दृश्यात त्याची एक फट फार त्रास देते, आणि ती सहसा कोणी मोजून पाहत नाही, म्हणून तपशिलात सांगतो.

२×२ पिक्सेलांचा एक ठिपका घ्या, प्रत्येक पिक्सेल ८००, भोवती सर्वत्र ०.२. तो लक्ष्य पिक्सेलच्या बरोबर मध्यावर आला, तर त्याचा एकेक पिक्सेल आतल्या चार नमुन्यांत वाटला जातो. चारही नमुने सुमारे २०० होतात. गटात सगळेच सारखे प्रखर असल्यामुळे भारित सरासरीला दाबण्यासारखे काही दिसत नाही आणि मधल्या गटाचे उत्तर २०० येते. त्याला ०.५ भार असल्यामुळे लक्ष्य पिक्सेल सुमारे १०० होतो. आता तोच ठिपका फक्त एक पिक्सेल उजवीकडे सरकवा. आतल्या गटात दोन नमुने ४०० आणि दोन ०.२ होतात, गटाचे उत्तर १.४ वर येते, आणि कडेचे गटही त्याहून वर जात नाहीत. एका पिक्सेलच्या हालचालीत लक्ष्य पिक्सेल १०० वरून सुमारे १.२! लुकलुक थांबवण्यासाठी आणलेली युक्ती इथे स्वतःच लुकलुक निर्माण करते, आणि तीही दोन ते तीन पिक्सेलांच्या ठिपक्यांवर, म्हणजे नेमकी ओल्या डांबरावरच्या आणि रिमवरच्या चमकीवर.

गट न करता सर्व १३ नमुन्यांवर एकच भारित सरासरी घेतली, तर मध्यावरच्या ठिपक्याचे उत्तर सुमारे २.२ येते आणि एक पिक्सेल सरकल्यावर १.१. शिवाय सरकलेल्या स्थितीत शेजारचा लक्ष्य पिक्सेलही १.१ होतो, म्हणून एकूण प्रकाशात फारसा फरक उरत नाही. माझी शिफारस ही दुसरी पद्धत आहे, आणि ती फक्त पहिल्या डाउनसॅम्पलपुरती. पुढच्या मिपांत साधी १३ नमुन्यांची गाळणीच ठेवा. तिथेही भार लावत गेलात तर खरे दिवे दर पायरीला झिजत जातील.

```hlsl
float3 sum = 0;
float wsum = 0;
for (int i = 0; i < 13; ++i)
{
    float3 c = min(max(tap[i], 0.0), 64000.0) * exposure;
    float k = w[i] / (1.0 + Luma(c));
    sum  += c * k;
    wsum += k;
}
return sum / wsum;
```

या तुकड्यातल्या दोन गोष्टी सहज नजरेतून सुटतात. पहिली म्हणजे `exposure` चा गुणाकार. 1/(1+L) मधला १ हा पडद्यावरच्या साधारण पांढऱ्याचा निदर्शक आहे. दृश्य भौतिक एककांत असेल आणि एक्स्पोजर अजून लागलेले नसेल, तर या १ ला काहीच अर्थ उरत नाही: दिवसा सगळेच पिक्सेल हजारांत असतात आणि सगळे दाबले जातात. तुमच्या रेंडररमध्ये एक्स्पोजर आधीच लागत असेल तर हा गुणाकार काढा. ते कुठेही लागो, ब्लूम आणि मूळ चित्र मिसळताना दोघांचे एक्स्पोजर एकच असले पाहिजे.

दुसरी गोष्ट `max` आणि `min` यांच्या क्रमाची. शेडिंगमध्ये कुठेतरी शून्याने भागाकार होऊन एका पिक्सेलमध्ये NaN आला, तर मिपांतून तो पसरत जाऊन पडद्यावर मोठा काळा चौकोन उमटतो. HLSL मध्ये `max(NaN, 0)` चे उत्तर शून्य येते, म्हणून तो आधी घ्यावा. आधी `min` घेतला तर NaN चे ६४००० होतील आणि तुम्ही स्वतःच काजव्यासारखा एक प्रखर ठिपका सोडाल. अनंत मूल्य छाटले नाही तर त्याचा भार शून्य होतो आणि शून्य गुणिले अनंत म्हणजे पुन्हा NaN. मात्र हे नुसते संरक्षण आहे. NaN दिसला की तो जिथे तयार होतो तिथे जाऊन दुरुस्त करावा.

भारित सरासरी ठिपक्यांना गप्प करते, पण मूळ चित्रातली उघडझाप ती मिटवत नाही. त्यासाठी एक-दोन पायऱ्या मागे जावे लागते. ओल्या रस्त्यावरची चमक बहुधा नॉर्मल मॅपमुळे तुटते: दूरच्या मिपांत नॉर्मलांची सरासरी होऊन पृष्ठभाग गुळगुळीत भासतो, खडबडीतपणाचे मूल्य मात्र जुनेच राहते, आणि चमक एका पिक्सेलमध्ये एकवटते. यावर उपाय असा की नॉर्मलांमधला विखुरलेपणा मोजून तेवढा खडबडीतपणा वाढवायचा. टोकुयोशी आणि कपलान्यान यांची २०१९ ची पद्धत हेच काम पडद्यावरच्या शेजारच्या नॉर्मलांतील फरकावरून करते आणि कमी खर्चात बसते. या उपायाने चमक मंद पण रुंद होते आणि एकूण प्रकाश बव्हंशी टिकतो, म्हणून ओला रस्ता ओलाच दिसतो. हे काम झाले आहे की नाही ते असे तपासा: ब्लूम बंद करून एक्स्पोजर सहा स्टॉप खाली आणा, म्हणजे साधारण ६४ च्या वरचेच पिक्सेल पांढरे राहतील, आणि कॅमेरा सरकवा. तिथे जे ठिपके उघडझाप करताना दिसतील, तेच ब्लूमला छळणारे.

टेम्पोरल अँटिअलायझिंग वापरत असाल तर ते ब्लूमच्या आधीच हवे. माझा नेहमीचा क्रम असा: एक्स्पोजर, टेम्पोरल अँटिअलायझिंग, डेप्थ ऑफ फील्ड, मोशन ब्लर, मग ब्लूम, आणि त्यानंतर टोनमॅपिंग. टोनमॅपिंगनंतर ब्लूम लावला तर ८०० आणि २ हे दोन्ही १ च्या जवळ येऊन बसलेले असतात आणि दिवा व पांढरी भिंत यांत फरक करायला काही शिल्लक राहत नाही.

आता उजळ भाग नैसर्गिक दिसण्याविषयी. थ्रेशोल्डला माझा विरोध केवळ लुकलुकीमुळे नाही. खऱ्या भिंगात किंवा डोळ्यात प्रत्येक प्रकाशबिंदूचा थोडा अंश आजूबाजूला विखुरतो, आणि अमुक तेजाच्या खाली विखुरणे बंद, अशी कोणतीही सीमा तिथे नसते. थ्रेशोल्ड ती सीमा लादतो, आणि तिच्या आसपास असलेला पिक्सेल ०.९८ वरून १.०२ झाला की आत-बाहेर होत राहतो. तुम्ही तो ४ वर नेला तेव्हा ब्लूममध्ये योगदान देणारे विस्तीर्ण, शांत भाग बाहेर पडले आणि फक्त ठिपके राहिले. त्यावर तीव्रताही वाढवली असेल, तर ठिपक्यांची उघडझाप त्याच पटीत वाढली. शिवाय रंगही बिघडतो. (३.०, १.४, ०.३) अशा नारिंगी दिव्यातून प्रत्येक रंगवाहिनीतून १ वजा केला की उरते (२.०, ०.४, ०): दिवा नारिंगी आणि त्याचे वलय लाल! अशी वलये पाहिली की चित्रात काहीतरी खोटे आहे हे प्रेक्षकाला जाणवते, जरी नेमके काय ते सांगता आले नाही तरी.

म्हणून थ्रेशोल्ड न ठेवता `lerp(scene, bloom, 0.04)` अशा मिश्रणाने सुरुवात करा. भिंत ०.२ ची आणि तिच्या जागी ब्लूम ३ चा असेल तर उत्तर ०.३१ येते: दिव्याजवळची भिंत किंचित उजळते, इतकेच. दिवा दूर असलेल्या भिंतीवर ब्लूमही ०.२ च्याच आसपास असतो, म्हणून तिथे काहीच बदलत नाही. बेरजेऐवजी मिश्रण केल्यामुळे वलयाला दिलेला प्रकाश मूळ चित्रातून वजा होतो आणि सगळे चित्र धुरकट होत नाही. ०.०४ ऐवजी ०.१५ लागते असे वाटू लागले, तर दिव्यांची मूल्ये तपासा. बहुतेक वेळा दिवे ५ किंवा १० वर ठेवलेले सापडतात, आणि प्रकाशमान वस्तू पुरेशी प्रखर नसताना ब्लूम वाढवला की फक्त धुके वाढते.

मिप एकमेकांत मिळवतानाही हाच नियम पाळा. सहा मिपांची नुसती बेरीज केली तर ब्लूम सहापट होतो, आणि मिपांची संख्या बदलली की तेजही बदलते. त्याऐवजी दर पायरीला आपला मिप आणि खालून आलेला मिप यांचे मिश्रण करा, खालच्याला ०.७ देऊन. सहा मिपांना वरून खाली ०.३, ०.२१, ०.१५, ०.१०, ०.०७ आणि ०.१७ असे भार पडतात आणि बेरीज १ राहते. हा ०.७ चा आकडा कलादिग्दर्शकाच्या हाती द्यायला हरकत नाही. वलय किती घट्ट आणि किती पसरट, एवढेच त्यातून बदलते. R11G11B10_FLOAT वापरत असाल तर त्यात लाल-हिरव्याला ६ बिटांचा आणि निळ्याला ५ बिटांचाच मँटिसा असतो, त्यामुळे काळ्या आकाशावरच्या रुंद वलयात पिवळट-निळसर पट्टे दिसू शकतात. ते दिसले तर लहान मिप १६ बिटांचे करा. त्यांचा आकार इतका छोटा असतो की मेमरीचा खर्च नगण्य आहे.

एक किंमत मात्र या सगळ्यात चुकवावी लागते. भारित सरासरीला रिमवरची चमक आणि लांबच्या पाटीतली एक पिक्सेल रुंद निऑन नळी यांतला फरक कळत नाही. पाटी जवळ असताना नळी पाच-सहा पिक्सेल रुंद असते आणि छान झळकते. कॅमेरा मागे गेला की नळी बारीक होते आणि तिचे वलय अपेक्षेपेक्षा फार लवकर विझते. भाराचे सूत्र सौम्य करून, म्हणजे 1/(1+0.25·L) सारखे काही घेऊन, यातून थोडीच सुटका होते, कारण ८०० ला तेही जवळजवळ तितकेच दाबते. अधिक चांगला मार्ग भूमितीत आहे. व्हर्टेक्स शेडरमध्ये नळीची पडद्यावरची रुंदी काढा. ती चार पिक्सेलांपेक्षा कमी असेल तर नळी चार पिक्सेलांपर्यंत रुंद करा आणि तिची प्रखरता त्याच प्रमाणात उतरवा. एक पिक्सेल रुंद ८०० ची नळी चार पिक्सेल रुंद २०० ची होते. एकूण प्रकाश तेवढाच राहतो, १३ पैकी बरेच नमुने एकसारखे प्रखर असल्यामुळे भारित सरासरी तिला ठिपका समजत नाही, आणि अँटिअलायझिंगचे कामही हलके होते. हे फक्त निवडक प्रकाशमान वस्तूंसाठी करायचे आहे: नळ्या, लांबचे पथदिवे, गाड्यांचे मागचे दिवे. जवळून पाहताना नळीचा आकार बदललेला दिसू नये म्हणून रुंदीकरण ब्लूममध्येच जाणाऱ्या वेगळ्या, अर्ध्या आकाराच्या चित्रात काढता येते. अशा वेळी मुख्य चित्रातल्या नळीचा प्रकाश ब्लूमच्या स्रोतातून वगळायला विसरू नका, नाहीतर नळी जवळ येताच दोनदा मोजली जाईल आणि पाटीभोवतीचे वलय अचानक दुप्पट होईल.